पहिल्या पाकिटापासून दुसऱ्या ऑर्डरपर्यंत

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात शिरपूर जैन हे गाव आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी इथे लांबलांबून जैन यात्रेकरू येतात. दीर्घकाळ बंद असलेलं हे मंदिर सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर मार्च 2023मध्ये पुन्हा उघडलं. अशा गावात जी ताई घरी मुगाचे पापड, मुगवड्या, खाकरे करते, तिचं गिऱ्हाईक गावातल्या किराणा दुकानाच्या गिऱ्हाइकासारखं नसतं. ते एक पाकीट घेतं, गाडीत बसतं आणि पुण्याला, अकोल्याला किंवा सुरतेला निघून जातं. पापड आवडला तरी ते पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. दुसऱ्या वेळचा धंदा त्यामुळे फोनवरच होणार, आणि फोनवर म्हणजे आता व्हॉट्सअ‍ॅपवर.

हा धंदा नीट चालायला कोणत्या पायऱ्या लागतात आणि कुठे पाय घसरतो, ते इथे एका ऑर्डरच्या मागोमाग जात पाहू. ऑर्डर हिशेबासाठी धरलेली आहे आणि तिच्यातले भावही तसेच धरलेले आहेत. आपले भाव ज्याचे त्याने घालावेत.

सुरुवात पाकिटापासून करू. धंद्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळं, मोफत अ‍ॅप आहे, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. एकच नंबर साध्या आणि बिझनेस अशा दोन्ही अ‍ॅपवर चालत नाही. म्हणून घरचा नंबर आहे तसा ठेवून धंद्यासाठी दुसरं सिम घेणं चांगलं. दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही अ‍ॅप शेजारी शेजारी चालतात. घरच्या नंबरावरच धंदा सुरू केला, तर मावशीचे शुभ सकाळ आणि गिऱ्हाइकाचा पत्ता एकाच यादीत येतात आणि पत्ता खाली जातो. बिझनेस अ‍ॅपमध्ये आपल्या नंबराची छोटी लिंक आणि तिचा क्यूआर कोड तयार मिळतो. या लिंकमध्ये आधीच लिहिलेलं वाक्य घालता येतं, उदाहरणार्थ, ‘जय जिनेंद्र, पापडाची यादी पाठवा.’ हा कोड छापून प्रत्येक पाकिटावर चिकटवला, की घरी पोचलेल्या माणसाला नंबर टाइप करावा लागत नाही आणि काय लिहावं असा विचारही पडत नाही. साधी लिंक अशी असते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

एक्सच्या जागी आपला दहा आकडी नंबर घालायचा. आधीचा 91 राहू द्यायचा, पण अधिकचं चिन्ह किंवा शून्य लावायचं नाही.

पाकिटावर आणखी दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नोंदणीचा 14 अंकी क्रमांक, कारण घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही नोंदणी लागते. दुसरी म्हणजे बनवल्याची तारीख. जैन गिऱ्हाइकाच्या बाबतीत ही तारीख सगळ्यात मोठी माहिती आहे आणि पुढचा सगळा व्यवहार तिच्यावर उभा राहतो.

श्वेतांबर परंपरेत खाकरा, मिठाई अशा पदार्थांना ऋतूप्रमाणे मुदत असते : हिवाळ्यात 30 दिवस, उन्हाळ्यात 20 दिवस आणि पावसाळ्यात 15 दिवस. हे ऋतू चौमासीला बदलतात. कार्तिक पौर्णिमेपासून फाल्गुन पौर्णिमेपर्यंत हिवाळा, तिथून आषाढ पौर्णिमेपर्यंत उन्हाळा आणि पुढे पावसाळा. दिगंबर घरांत पिठासाठी अशीच 7, 5 आणि 3 दिवसांची मर्यादा पाळतात. पापड-वड्यांचा नियम घराघरांत वेगळा असतो. काही घरांत चातुर्मासात साठवणीचे पापड खातच नाहीत. म्हणून यात आपण अंदाज करू नये, गिऱ्हाइकाला विचारावं आणि सांगितलेलं लिहून ठेवावं. पदार्थ दोन महिने कुरकुरीत राहतो ही त्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने वेगळी गोष्ट आहे. त्याला तो किती तारखेचा आहे हे हवं असतं.

आता कॅटलॉग. बिझनेस अ‍ॅपमधला कॅटलॉग म्हणजे आपल्या नंबराला जोडलेली, फोटो आणि भाव असलेली मालाची यादी. तिच्यात 500 वस्तू बसतात आणि एका वस्तूला 10 फोटो लावता येतात. घरगुती धंद्याला आठ-दहा वस्तू आणि प्रत्येकीला तीन फोटो पुरे होतात. वस्तू टाकली, की व्हॉट्सअ‍ॅप ती आपल्या नियमांवर तपासतं आणि मगच ती इतरांना दिसते. त्यामुळे यादी गिऱ्हाईक मागेल त्या क्षणी करायला बसू नये.

फोटो सकाळच्या उजेडात, अंगणात किंवा खिडकीपाशी काढावेत. ट्यूबलाइटखाली मुगाचा पापड निळसर आणि शिळा दिसतो. पहिला फोटो उघड्या मालाचा, दुसरा हाताच्या पंजावर ठेवलेल्या पापडाचा, म्हणजे आकार कळतो, आणि तिसरा पाकिटावरच्या मजकुराचा. पंजावरच्या फोटोने ‘केवढे असतात?’ हा प्रश्न बंद होतो, आणि पार्सल उघडल्यावर ‘मला मोठे वाटले होते’ ही तक्रारही.

खरी मेहनत मात्र फोटोखालच्या मजकुरात आहे. बहुतेक ठिकाणी तिथे ‘घरगुती चविष्ट पापड’ असं लिहिलेलं असतं. त्यातून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही, मग ते फोन करून तेच पाच प्रश्न विचारतं. मजकूर असा असावा : ‘मूग पापड, अर्धा किलो, साधारण 40 नग. मूगडाळीचं पीठ, काळी मिरी, जिरं, हिंग, पापडखार, मीठ. कांदा-लसूण नाही. ऑर्डर आल्यावर दोन दिवसांत निघतो.’ नगांची संख्या अंदाजाने लिहू नये. चार पाकिटं उघडून मोजावी आणि त्यातला कमी आकडा लिहावा.

वस्तूंचे गट करता येतात आणि शिरपूरच्या ताईने ते करायलाच हवेत. एका गटात फक्त जैन घरात चालणारे पदार्थ, दुसऱ्यात बाकीचं उन्हाळी वाळवण. बटाट्याचे पापड आणि लसणाची चटणी पहिल्या गटात चुकूनही नकोत. गव्हाच्या कुरडयाही तिथे नकोत, कारण त्यांचा गहू तीन-चार दिवस भिजवून आंबवलेला असतो आणि आंबवलेलं अनेक जैन घरांत वर्ज्य आहे. गिऱ्हाइकाला पूर्ण कॅटलॉगऐवजी त्याच्या गटातल्याच वस्तू पाठवाव्यात. लसणाच्या चटणीचा फोटो पाहिलेला माणूस भांडत नाही, पण एकाच स्वयंपाकघरात सगळं होतं का असा विचार करतो. होत असेल, तर त्याने विचारलं की खरं सांगावं. भांडी वेगळी असतील तर तसं आपणहून लिहावं.

माल संपला तर वस्तू पुसू नये, लपवावी. लपवायची सोय वस्तूच्याच पानावर आहे. पुसली, तर फोटो, मजकूर, तपासणी सगळं पुन्हा करावं लागतं आणि आधी पाठवलेल्या निरोपांतून ती वस्तू उघडत नाही.

आता ऑर्डर पाहू. पुण्याच्या एका काकूंनी जानेवारीत दर्शनाला आल्यावर पापडाचं पाकीट घेतलं असं धरू. 3 फेब्रुवारीला त्यांनी पाकिटावरचा कोड स्कॅन केला. निरोप आला आणि अ‍ॅपने लगेच आपलं ठरवून ठेवलेलं स्वागताचं उत्तर पाठवलं. हे उत्तर पहिल्यांदाच बोलणाऱ्याला किंवा 14 दिवस काही बोलणं न झालेल्याला आपोआप जातं. त्यात ‘आपल्या सेवेसाठी सदैव तत्पर’ असं काही लिहिण्यापेक्षा काम होईल असं लिहावं : ‘जय जिनेंद्र. यादी वरच्या दुकानाच्या चिन्हात आहे. हवं ते टोपलीत टाकून पाठवा. मी दुपारी 2 ते 4 आणि रात्री 8 नंतर उत्तर देते.’ दिवसभर पापड लाटणाऱ्या हाताला फोन धरता येत नाही. वेळ आधी सांगितली, की समोरचा चिडत नाही.

काकूंनी टोपलीत मूग पापडाची दोन पाकिटं, मुगवड्यांचं एक आणि पाव किलो जिरा खाकऱ्याची दोन पाकिटं टाकून पाठवली. टोपली पाठवली म्हणजे ऑर्डर झाली, असं काकूंना वाटतं. पण धंद्याच्या दृष्टीने ती अजून फक्त मागणी आहे. टोपलीत दिसणारी रक्कम नुसत्या मालाची असते, पार्सलचा खर्च तिच्यात नसतो. पत्ता नसतो, तारीख नसते. शिवाय पाठवलेली टोपली काकूंना बदलता येत नाही. त्यांनी खाली ‘खाकरा एकच करा’ असं लिहिलं, तरी टोपलीत दोनच दिसत राहतात. आठ दिवसांनी पार्सल बांधताना कोणी टोपली पाहिली, तर चुकीचा माल जातो. घरगुती धंद्यातल्या चुका बहुतेक याच जागी होतात : टोपलीत एक, खालच्या निरोपात दुसरं आणि फोनवर तिसरं.

उपाय एकच आहे. सगळं ठरल्यावर आपण एक पक्का निरोप लिहायचा आणि त्यानंतर पार्सल फक्त त्याच निरोपावरून बांधायचं. त्यासाठी क्विक रिप्लायमध्ये साचा ठेवता येतो. चौकोनात तिरकी रेघ आणि आपण दिलेलं छोटं नाव टाइप केलं, की पूर्ण मजकूर समोर येतो:

```
/pakka
```

त्यात आकडे भरून काकूंना असा निरोप जातो : ‘काकू, ऑर्डर अशी लिहिली आहे. मूग पापड अर्धा किलो, 2 पाकिटं, 420 रुपये. मुगवड्या अर्धा किलो, 1 पाकीट, 170 रुपये. जिरा खाकरा पाव किलो, 2 पाकिटं, 180 रुपये. माल 770, पार्सल 130, एकूण 900 रुपये. खाकरा 5 तारखेला होईल, पार्सल 6 तारखेला निघेल. पत्ता पिनकोडसह पाठवा. बरोबर असेल तर हो लिहा.’ काकूंनी काही बदललं, तर जुन्या निरोपाखाली दुरुस्ती जोडू नये. पूर्ण निरोप नव्याने पाठवावा आणि वर ‘सुधारलेली ऑर्डर’ असं लिहावं. ‘हो’ आलं, की तो निरोप तारांकित करून ठेवायचा. पार्सलचा खर्चही मनाने लिहू नये. हा माल दोन किलोचा, खोका आणि भरण धरून त्याहून अधिक. एकदा तसाच खोका पोस्टात वजन करून आणला, की पुढच्या वेळेला आकडा हाताशी राहतो.

पैशांबद्दल थोडक्यात सांगतो. काकू पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवतील. तो खरा असेलही, पण स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये किंवा बँकेच्या खात्यात रक्कम दिसली, की मगच पैसे आले म्हणावं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असं कोणी म्हणालं, तर तो आपल्या खात्यातून पैसे काढतो आहे असं समजावं.

आता ही ऑर्डर कुठवर आली हे आठ दिवस लक्षात ठेवायचं आहे, आणि अशा पंधरा ऑर्डरी एकदम चालू असतात. त्यासाठी बिझनेस अ‍ॅपमध्ये लेबलं आहेत. चॅटवर लावलेली रंगीत खूण, गिऱ्हाइकाला न दिसणारी. वीसपर्यंत करता येतात, पण चार पुरतात : ‘पक्की’, ‘पैसे आले’, ‘पार्सल गेलं’, ‘मिळालं’. नवीन लेबल लावताना जुनं आपल्याला काढावं लागतं. ते विसरलं, की महिन्याभरात प्रत्येक चॅटवर चारही रंग दिसायला लागतात आणि लेबलांचा उपयोग संपतो. रोज रात्री ‘पैसे आले’ हे एक लेबल उघडून पाहिलं, तर उद्या काय बांधायचं ते समोर येतं. तिथे तीन दिवसांहून जुनं नाव दिसलं, तर काहीतरी राहून गेलं आहे.

तरीही एक कागदाची वही हवी. फोन हरवतो, बिघडतो, मुलाच्या हातून काही पुसलं जातं. वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान : नाव, गाव, पत्ता, घरातली पाळणूक, प्रत्येक ऑर्डरची तारीख आणि माल. पुढचा सगळा पाठपुरावा या पानावरून होतो.

पार्सल 6 तारखेला गेलं. त्याच दिवशी पावतीचा फोटो काकूंना पाठवायचा, स्पीड पोस्टचा क्रमांक वाचता येईल असा. 10 तारखेला ते पोचलं असं धरू. खाकरा 5 तारखेचा, हिवाळा असल्याने मुदत 30 दिवसांची, म्हणजे काकूंच्या हाती साधारण 25 दिवस उरले. हाच माल मे महिन्यात गेला असता, तर 15 उरले असते. श्रावणात फक्त 10. म्हणूनच खाकरा आधी करून ठेवू नये आणि पावसाळ्यात लांबच्या गावाला अर्धा किलोहून जास्त पाठवायची घाई करू नये. पापडाच्या बाबतीत इतकी घाई नसते.

पाठपुराव्याचा पहिला निरोप पार्सल पोचल्यावर एक-दोन दिवसांत. ‘कसं वाटलं?’ असं विचारलं, तर ‘छान’ असं उत्तर येतं आणि त्यातून कळत काही नाही. प्रश्न नेमका असावा : ‘काकू, पापड तुटले का? किती तुटले?’ सहा तुटले असं उत्तर आलं, तर पुढच्या खोक्यात भरण वाढवायचं आणि पुढच्या ऑर्डरीत तेवढे पापड जास्त घालून तसं लिहायचं. लोकांना तुटलेला पापड फार खटकत नाही. विचारलंच नाही, हे खटकतं.

दुसरा निरोप माल संपायच्या आधी. तो कधी पाठवायचा, हे गिऱ्हाईकच सांगत असतं, फक्त वहीत पाहावं लागतं. काकूंची पहिली ऑर्डर 3 फेब्रुवारीची. दुसरी, त्यांनी आपणहून केलेली, 16 मार्चची असं धरू. मध्ये सहा आठवडे गेले. म्हणजे त्या घराला तेवढा माल सहा आठवडे पुरतो. तिसऱ्या वेळी पाचव्या आठवड्यात आपण लिहायचं : ‘जय जिनेंद्र काकू. मागच्या वेळी मूग पापड दोन आणि मुगवड्या एक नेल्या होत्या. गुरुवारी पापड लाटते आहे. तसंच बाजूला ठेवू का?’ या निरोपात नाव आहे, मागची ऑर्डर आहे, तारीख आहे, आणि उत्तर एका शब्दात देता येतं. दर सोमवारी सगळ्यांना ‘ताजे पापड उपलब्ध’ असं पाठवणाऱ्याचा निरोप लोक न उघडताच बाजूला सारतात. काही जण नंबर ब्लॉक करतात, आणि ब्लॉक आणि तक्रारी वाढल्या तर व्हॉट्सअ‍ॅप नंबरच बंद करू शकतं. छापलेल्या पाकिटांवर तोच नंबर असतो, हे विसरू नये.

तिसरा निरोप हंगामाचा, वर्षातून तीन-चारदाच. उन्हाळी वाळवणाची नोंदणी होळीनंतर, चातुर्मासाच्या आधी एकदा, पर्युषणानंतर एकदा आणि दिवाळीपूर्वी. यासाठी ब्रॉडकास्ट यादी वापरावी. एका यादीत 256 नावं बसतात आणि निरोप प्रत्येकाला वेगळा, खाजगी पोचतो. पण ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच तो जातो. पाठवलेल्या निरोपावर बोट दाबून त्याची माहिती उघडली, की कोणाला पोचला आणि कोणी वाचला ते दिसतं. वारंवार ज्याला पोचतच नाही, त्याने नंबर सेव्ह केलेला नसावा. पुढच्या पार्सलात ‘नंबर सेव्ह करा, म्हणजे हंगामाची यादी मिळेल’ अशी चिठ्ठी घालावी. याद्या दोन ठेवाव्यात, जैन घरांची वेगळी आणि बाकीची वेगळी. यासाठी ग्रुप करू नये. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि पुण्याच्या काकूंचा नंबर सुरतेच्या अनोळखी माणसाला द्यायचा आपल्याला अधिकार नाही.

हंगामाच्या नोंदणीला एक मर्यादा आहे, ती फोनमध्ये नाही, गच्चीवर आहे. एका दिवसात किती पापड लाटून, वाळवून होतात ते आधी ठरवावं आणि तेवढ्याच ऑर्डरी घ्याव्यात. एप्रिल-मेमध्ये वाशिमकडे ऊन कडक असतं, पण अवकाळी पाऊसही येतो. ‘12 तारखेला पाठवते’ असं लिहिण्यापेक्षा ‘12 ते 17च्या दरम्यान’ असं लिहावं आणि पाऊस आलाच तर त्याच दिवशी कळवावं. नोंदणी भरली, की ती वस्तू कॅटलॉगमध्ये लपवावी.

कोणी दोनदा उत्तर दिलं नाही, तर तिसरा खाजगी निरोप पाठवू नये. ‘नको’ म्हणालं, तर ब्रॉडकास्ट यादीतून नाव त्याच दिवशी काढावं. वहीतलं पान मात्र फाडू नये. दर्शनाला पुन्हा आलेलं जुनं गिऱ्हाईक दारात उभं राहतं, तेव्हा त्याच्या घरात काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्या पानावर लिहिलेलं असतं.

ज्यांचा असा धंदा आधीच चालू आहे, त्यांनी नवीन काही करण्याआधी एका दुपारी वही घेऊन बसावं आणि मागच्या दिवाळीपासूनच्या चॅट चाळून दोनदा माल नेलेल्या प्रत्येकाच्या दोन तारखा लिहून काढाव्यात. पुढचा निरोप कोणाला आणि कधी पाठवायचा, ते त्या तारखांवरून ठरवावं.